सावलीला धार, कडेला शाई

२०१३ साली जपानमधल्या योकोहामाच्या ‘आर्क सिस्टिम वर्क्स’ या कंपनीनं ‘गिल्टी गिअर’ या आपल्या मारामारीच्या गेमचा नवा भाग जाहीर केला, तेव्हा त्याची झलक पाहणाऱ्यांना त्यात वेगळं काही दिसलं नाही. सोल आणि काय ही ओळखीची पात्रं, त्यांची शाईनं काढल्यासारखी कडा, कपड्यांवरच्या धारदार सावल्या. मालिकेचे आधीचे भाग चौकटीमागून चौकट हातानं काढलेले होते, तसाच हाही असणार असं वाटत होतं. मग कॅमेरा पात्राभोवती फिरला. हातानं काढलेल्या चित्राभोवती कॅमेरा फिरवता येत नाही. समोर होती ती संपूर्ण त्रिमितीय, संगणकावर घडवलेली मॉडेलं.

‘गिल्टी गिअर एक्झर्ड’ हा तो गेम. २०१४ मध्ये तो आधी जपानी आर्केडमध्ये आणि वर्षअखेरीस प्लेस्टेशनवर आला. त्याचे तांत्रिक कलाकार मोतोमुरा यांनी २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स’मध्ये हे कसं साधलं ते जवळजवळ सगळं उघड केलं. या तंत्राला टून शेडिंग किंवा सेल शेडिंग म्हणतात. त्याचा मूळ नियम चार ओळींचा आहे आणि कोणीही विद्यार्थी तो एका दुपारी लिहू शकतो. तरीही असे शेकडो गेम प्लॅस्टिकच्या बाहुल्यांसारखे दिसतात आणि ‘एक्झर्ड’ चित्रासारखा दिसतो. हा फरक कुठून येतो, हे समजून घेण्यासारखं आहे.

आधी नक्कल कशाची करायची ते पाहू. जुन्या पद्धतीच्या ॲनिमेशनमध्ये पारदर्शक सेल्युलॉइडच्या पुढच्या बाजूवर शाईची रेघ असायची आणि मागच्या बाजूनं रंग भरलेला असायचा. एका सेकंदाच्या पडद्यावरच्या वेळेसाठी अशी कितीतरी चित्रं लागत. प्रत्येक चित्रात गालावर उजेडाकडून अंधाराकडे हळूहळू उतरत जाणारी छटा रंगवणं परवडणारं नव्हतं, आणि पुढच्या चित्रात ती हुबेहूब जुळवणं तर अशक्यच होतं. म्हणून त्वचेला दोन रंग ठरले, एक उजेडातला आणि एक सावलीतला. दोघांमध्ये स्पष्ट सीमा. शिवाय ती सीमा कुठून न्यायची हे चित्रकार ठरवायचा. नाकाची सावली सुबक त्रिकोणी दिसली पाहिजे, एवढंच त्याला बघायचं होतं. प्रकाशाचं गणित त्याला सोडवायचं नव्हतं.

संगणकाचा स्वभाव याच्या अगदी उलट. त्रिमितीय मॉडेल हजारो छोट्या त्रिकोणांचं असतं आणि पृष्ठभागाच्या प्रत्येक ठिकाणी ‘नॉर्मल’ नावाचा एक बाण असतो. इथला पृष्ठभाग कुठल्या दिशेला तोंड करून आहे, हे तो बाण सांगतो. दिव्याकडे जाणारा दुसरा बाण घ्यायचा आणि दोन्ही बाणांमधल्या कोनाची कोसाइन काढायची. पृष्ठभाग थेट दिव्याकडे बघत असेल तर उत्तर १ येतं, ६० अंश वळलेला असेल तर ०.५, आणि ९० अंशांवर ०. साध्या शेडिंगमध्ये हाच आकडा उजळपणा म्हणून वापरला जातो, त्यामुळे चेंडूवर मऊ, सलग उतरणारी छटा मिळते.

टून शेडिंगमध्ये या उताराची पायरी करतात. एक उंबरठा ठरवायचा, समजा ०.५. त्याच्या वर असेल ते सगळं उजेडात, खाली असेल ते सगळं सावलीत. म्हणजे दिव्याच्या दिशेपासून ६० अंशांपर्यंत वळलेला भाग एका रंगाचा आणि त्यापुढचा दुसऱ्या रंगाचा. ग्राफिक्स कार्डावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला शेडर म्हणतात. त्यात हे असं लिहितात:

```glsl
float d = dot(normalize(N), normalize(L));
float w = fwidth(d);
float lit = smoothstep(0.5 - w, 0.5 + w, d);
vec3 color = base * mix(tint, vec3(1.0), lit);
```

पहिली ओळ दोन बाणांमधली कोसाइन काढते. दुसरी आणि तिसरी ओळ मिळून पायरी करतात. सरळ कापलं तर सावलीची कड करवतीच्या दात्यांसारखी दिसते. म्हणून शेजारच्या पिक्सेलपर्यंत आकडा किती बदलतो ते `fwidth` नं विचारायचं आणि तेवढ्याच अरुंद पट्टीत कड मऊ करायची. मग जवळून पाहा किंवा लांबून, सीमा एकदोन पिक्सेलांचीच राहते.

चौथ्या ओळीतल्या `tint` कडे नवखे लोक फार कमी लक्ष देतात. सावली म्हणून मूळ रंगात नुसता काळा मिसळला तर त्वचा मळकट, आजारी दिसते. चित्रकार त्वचेच्या सावलीला तांबूस झाक देतो आणि पांढऱ्या सदऱ्याच्या सावलीला निळसर किंवा जांभळट. म्हणून ‘एक्झर्ड’मध्ये प्रत्येक पात्राच्या मूळ रंगाच्या चित्राबरोबर सावलीच्या छटेचं वेगळं चित्रही आहे. कुठल्या भागाची सावली कुठल्या रंगाकडे झुकेल, हे त्यात ठिकठिकाणी रंगवून ठेवलेलं असतं.

एवढं तंत्र खूप आधीपासून वापरात होतं. सेगाच्या स्माइलबिट या गटाचा ‘जेट सेट रेडिओ’ २००० साली ड्रीमकास्टवर आला, त्यात जाड काळ्या कडा होत्या आणि भडक सपाट रंग. २००२ च्या डिसेंबरात जपानमध्ये निघालेल्या निन्टेन्डोच्या ‘विंड वेकर’मध्ये काळी कड जवळजवळ नव्हतीच, तिथे दोन टप्प्यांच्या उजेडावर आणि साध्या आकारांवरच सगळं उभं होतं. दोन्ही गेम आजही देखणे वाटतात. पण त्यांची पात्रं मुळातच गोलमटोल, मोजक्या तपशिलांची होती. ‘एक्झर्ड’समोरचं काम अवघड होतं. पट्टे, बकलं, विस्कटलेले केस, चेहऱ्यावरचे बारीक भाव असलेली पात्रं त्यांना उभी करायची होती, आणि तीही जुन्या हातचित्रांची सवय असलेल्या खेळाडूंपुढे.

आता कडेची शाई. सगळ्यात जास्त चालणारी युक्ती ऐकायला विचित्र वाटते. मॉडेलची आणखी एक प्रत करायची, तिचा प्रत्येक बिंदू त्याच्या नॉर्मलच्या दिशेनं किंचित बाहेर ढकलायचा, ती पूर्ण काळी रंगवायची आणि तिची आपल्याकडे असलेली बाजू काढायचीच नाही, फक्त मागची आतली बाजू दिसू द्यायची. उशीला थोडा मोठा काळा अभ्रा घालावा आणि त्याचा समोरचा कपडा कापून टाकावा, तसं होतं. उशी पूर्ण दिसते आणि तिच्याभोवती अभ्र्याची काळी किनार उरते. मॉडेल कसंही वळलं तरी किनार आपोआप योग्य जागी येते.

दुखणं सुरू होतं ते जाडीपासून. समजा पात्र १.८ मीटर उंच आहे आणि काळं कवच ४ मिलिमीटर बाहेर ढकललं आहे. पडद्यावर पात्र ६०० पिक्सेल उंच दिसत असेल तर एका पिक्सेलात ३ मिलिमीटर बसतात, म्हणजे रेघ सव्वा पिक्सेलाच्या आसपास येते. छान. पात्र मागे जाऊन ६० पिक्सेलांचं झालं की रेघ पिक्सेलाच्या आठव्या भागाएवढी उरते, आणि मग ती कुठे दिसते, कुठे गायब होते, हालचालीत लुकलुकते. उपाय म्हणून पडद्यावरची जाडी कायम दोन पिक्सेल ठेवली तर उलटी अडचण येते: ६० पिक्सेलांच्या पात्राचा चेहरा सात-आठ पिक्सेलांचा असतो आणि तो रेघांखाली काळाकुट्ट होऊन जातो. म्हणून अंतराप्रमाणे जाडी बदलू द्यायची, पण मूळ प्रमाणापेक्षा कमी वेगानं, हा मधला मार्ग घ्यावा लागतो.

दुसरी खोड कोपऱ्यांवर दिसते. खोक्यासारख्या टोकदार वस्तूच्या कोपऱ्यावर संगणक एकाच जागी तीन बिंदू ठेवतो, प्रत्येक बाजूचा एक, आणि तिघांचे बाण तीन दिशांना असतात. बाहेर ढकलताना ते तिघे तीन वाटांना जातात, कवच कोपऱ्यात फाटतं आणि रेघेत फट पडते. तलवारीच्या टोकाशी किंवा पट्ट्याच्या बकलाजवळ रेघ तुटलेली दिसली की कारण बहुधा हेच असतं. यावर तिन्ही बाणांची सरासरी काढून ती मॉडेलमध्ये वेगळी साठवतात. प्रकाशासाठी मूळ बाण वापरायचे, कवच फुगवण्यासाठी सरासरीचे.

हे सगळं दुरुस्त झालं तरी रेघ निर्जीवच राहते, कारण ती सगळीकडे सारख्या जाडीची असते. बोरूनं किंवा ब्रशनं रेघ ओढणारा हात हनुवटीखाली जाड होतो, गालावर हलका होतो, केसांच्या टोकाशी निमुळता होतो. ‘एक्झर्ड’च्या कलाकारांनी हा चढउतार मॉडेलच्या प्रत्येक बिंदूत भरला. त्रिमितीय मॉडेलच्या बिंदूला रंग देता येतो. तो पडद्यावर दाखवण्याऐवजी त्यांनी त्यातले आकडे हुकमांसारखे वापरले. एक आकडा रेघेच्या जाडीचा: मधली किंमत म्हणजे नेहमीची रेघ, शून्य म्हणजे रेघच नाही. दुसरा आकडा कवच त्या जागी कॅमेऱ्यापासून किती मागे सरकवायचं याचा. तो वाढवला की नाकाजवळच्या किंवा केसांच्या बटांमधल्या नको असलेल्या रेघा मॉडेलच्या मागे दडून जातात.

कडेसाठी एक वेगळाही मार्ग आहे. संपूर्ण दृश्य तयार झाल्यावर प्रत्येक पिक्सेल कॅमेऱ्यापासून किती लांब आहे हे शेजाऱ्यांशी ताडून पाहायचं आणि जिथे अंतर अचानक बदलतं तिथे काळा ठिपका ठेवायचा. इमारती, झाडं, सामानसुमान असलेल्या मोठ्या दृश्यांना ही रीत सोयीची पडते, कारण प्रत्येक वस्तूचं वेगळं कवच करावं लागत नाही. तिचा दोष मात्र ठरलेला आहे: लांबवर गेलेली जमीन तिरकी दिसते, तिथे शेजारच्या दोन पिक्सेलांमध्येही अंतराचा फरक मोठा असतो, आणि क्षितिजाजवळची सगळी फरशी काळी पडते. पृष्ठभाग जितका तिरका, तितका उंबरठा वर नेला की हा डाग जातो. पात्रांच्या बाबतीत मात्र कवचच बरं, कारण प्रत्येक जागची जाडी कलाकाराच्या हातात राहते.

कवचातून फक्त बाहेरची कड मिळते. सदऱ्याची शिवण, पोटाचे स्नायू, बुटावरची खाच या आतल्या रेघा मॉडेलवर गुंडाळलेल्या चित्रात, म्हणजे टेक्स्चरमध्ये, काढाव्या लागतात. टेक्स्चर चौकोनी पिक्सेलांचं असल्यानं त्यातली तिरकी रेघ कॅमेरा जवळ आला की पायऱ्यापायऱ्यांची दिसते, आणि मारामारीच्या गेममध्ये निर्णायक फटक्याला कॅमेरा अगदी तोंडाशी येतो. इथे मोतोमुरांच्या गटानं काढलेली वाट मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत चतुर वाटते. त्यांनी टेक्स्चरमध्ये तिरकी रेघ ठेवलीच नाही. सगळ्या रेघा आडव्या किंवा उभ्या, पिक्सेलांच्या ओळीला धरून सरळ. वळण आणायचं ते गुंडाळण्यातून: मॉडेलचे त्रिकोण त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना बेतून टेक्स्चरवर असे पसरायचे की शरीरावर रेघ वळणदार दिसेल. सरळ कडेला पायऱ्या नसतात, म्हणून कितीही जवळ गेलं तरी रेघ स्वच्छ राहते. जाडी बदलायची असेल तर त्रिकोणाचं टोक रेघेच्या थोडं आतबाहेर सरकवायचं. यासाठी मॉडेलची जाळी पहिल्यापासून रेघांच्या हिशेबानं विणावी लागते. या गेममध्ये एका पात्रासाठी साधारण ४०,००० त्रिकोण वापरले आहेत, आणि त्यातले बरेच अशा ठिकाणी बसवलेले आहेत.

आता चेहरा, कारण बहुतेक प्रयत्न तिथेच फसतात. मऊ शेडिंगमध्ये नॉर्मल दोन अंशांनी चुकला तर छटा किंचित गडद-फिकी होते, कोणाच्या लक्षातही येत नाही. पायरीच्या उजेडात तसं होत नाही. समजा गालाचा पृष्ठभाग ५ सेंटिमीटरच्या पट्ट्यात एकूण १० अंश वळतो, म्हणजे सेंटिमीटरला २ अंश. मग एखाद्या बिंदूचा बाण २ अंशांनी चुकला की तिथली सावलीची सीमा तब्बल १ सेंटिमीटर सरकते. गाल जितका सपाट, तितकी ही सरक मोठी. म्हणून अशा चेहऱ्यांवर सावली तुटक डागांची येते, नाकपुडीजवळ चिरफाळलेली दिसते, आणि मान थोडी वळवली की डाग सरपटू लागतात.

उपाय एकच: बाण खरे असण्याचा हट्ट सोडायचा. गालाचा आकार तसाच ठेवून त्याचे नॉर्मल बदलायचे, जणू तिथे एक साधा, गुळगुळीत गोलाकार आहे. ‘एक्झर्ड’मध्ये चेहऱ्याचे बाण हातानं बसवलेले आहेत, कपड्यांसारख्या भागांसाठी सोपा आकार घडवून त्याचे बाण मूळ मॉडेलवर उतरवण्याची रीतही त्यांनी वापरली. आकार सांगतो तो एक पृष्ठभाग आणि प्रकाशाला दिसतो तो दुसराच. त्यातून सावलीची सीमा चित्रकारानं ओढल्यासारखी एकसंध वळणाची येते.

त्यावर आणखी एक लगाम आहे. टेक्स्चरच्या एका रंगात प्रत्येक जागेचा स्वतःचा उंबरठा लिहिलेला असतो. हनुवटीखालचा गळा, बगल, कपाळावरच्या बटांखालची जागा इथे आकडा असा ठेवतात की उजेड थोडा जरी वळला तरी ती लगेच सावलीत जाते, काही ठिकाणी तर कायमच सावलीत राहते. त्याच टेक्स्चरचे उरलेले रंग चकाकी किती तीव्र, चकाकीचा ठिपका केवढा आणि आतल्या रेघा कुठे हे सांगतात. पाहणाऱ्याला यातलं एकही चित्र दिसत नाही, शेडर तेवढं वाचतो.

मग प्रकाश. रंगमंचावर लाल आग असो वा निळी रात्र, ‘एक्झर्ड’मधल्या प्रत्येक पात्राला स्वतःचा वेगळा दिवा आहे आणि तो फक्त त्याच पात्रावर पडतो. शिवाय ॲनिमेटर हा दिवा पोझप्रमाणे फिरवतो. एका चौकटीत तो डोक्याच्या उजवीकडे, पुढच्या चौकटीत छातीसमोर, कारण त्या पोझमध्ये खांद्याची सावली तशी चांगली दिसते. भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं हे खोटं आहे. पण सेल्युलॉइडवर चित्रकार नेमकं हेच करत आला.

एवढं करूनही स्थिर चित्र फसवं वाटेल, हालचाल सुरू झाली की भांडं फुटेल. संगणक दोन पोझांच्या मधल्या सगळ्या अवस्था आपोआप भरतो आणि ती लोण्यासारखी सलगता लगेच ओळखू येते. हातानं काढलेल्या ॲनिमेशनमध्ये सेकंदाला २४ चौकटी असल्या तरी एकच चित्र बहुधा दोन किंवा तीन चौकटी टिकवतात, म्हणजे सेकंदाला १२ किंवा ८ चित्रंच. ‘एक्झर्ड’ सेकंदाला ६० चौकटींनी चालतो, पण पात्रांची पोझ मधे काही न भरता काही चौकटी तशीच धरून ठेवली जाते आणि मग थेट पुढच्या पोझवर उडी घेते. फटका मारताना मूठ मोठी होते, हात लांबतो, चेहरा ताणला जातो. त्यासाठी सांगाड्यातली हाडं त्या एका पोझपुरती मोठी-लहान करता येतात. पोझ अशी धरून ठेवल्यामुळे सावली सरपटण्याचं दुखणंही बरंचसं मिटतं, कारण सावली पोझेबरोबरच थांबते आणि पोझेबरोबरच बदलते.

या पद्धतीची मर्यादा याच बारकाईत आहे. मारामारीच्या गेममध्ये कॅमेरा बहुतेक वेळ बाजूनं बघतो. तो कधी आणि कुठून वळेल हे आधी ठाऊक असतं, म्हणून चौकटीगणिक दुरुस्ती शक्य होते. २०१८ मध्ये याच कंपनीनं ‘ड्रॅगन बॉल फायटर-झेड’ही याच वाटेनं घडवला. पण खेळाडूनं कॅमेरा मनाला येईल तसा फिरवायचा आणि दिवसभराचा सूर्य डोक्यावरून सरकायचा, अशा मोकळ्या मैदानाच्या गेममध्ये प्रत्येक पोझला दिवा लावत बसता येत नाही.

तिथे चेहऱ्यासाठी वेगळी शक्कल निघाली आहे. चित्रकार एकाच चेहऱ्यावर प्रकाश समोरून, थोडा बाजूनं, अजून बाजूनं, असा कोनाकोनानं सावलीच्या आकारांची काही चित्रं काढतो. ती सगळी एका करड्या टेक्स्चरमध्ये मिसळतात. त्यातल्या प्रत्येक ठिपक्याचा करडेपणा सांगतो की दिवा किती बाजूला गेल्यावर हा ठिपका सावलीत जायचा. मग शेडर चेहऱ्याचे नॉर्मल बघतच नाही. दिवा चेहऱ्याच्या पुढच्या दिशेपासून आडवा किती वळला एवढंच मोजतो आणि टेक्स्चरशी ताडतो. सूर्य सरकला की नाकाशेजारचा उजेडाचा त्रिकोण हळूच आकार बदलतो, पण डाग पडत नाही. एक अडचण उरते: मोजमाप आडव्या कोनाचं असल्यानं दिवा सरळ डोक्यावर किंवा पायाशी गेला तर या टेक्स्चरकडे उत्तर नसतं.

एकाहून जास्त दिवे आले की पायरीचा हिशेब पुन्हा बिघडतो. मशाल, चंद्र आणि खिडकीतला उजेड यांच्या पायऱ्या वेगवेगळ्या काढून बेरीज केली तर गालावर तीन सीमा एकमेकींना छेदतात आणि चेहरा नकाशासारखा दिसतो. म्हणून जाणते लोक एकच मुख्य दिवा सीमा ठरवण्यासाठी ठेवतात आणि बाकीच्या दिव्यांना फक्त रंगाची झाक द्यायची परवानगी देतात. नव्या गेममधलं टून शेडिंग कितपत मुरलं आहे हे पाहायचं असेल, तर पात्राला मशालीजवळ उभं करून कॅमेरा हनुवटीखालून वर न्यावा आणि तीन ठिकाणं पाहावीत: नाकाची सावली एकसंध आहे का, केसांच्या टोकांशी कड तुटते का, आणि मशालीच्या उजेडानं गालावर दुसरी सीमा उमटते का.